मोजमाप लक्ष्य झाले की काय बिघडते: मॉडेलचे मूल्यमापन आणि व्यवसायाचे डॅशबोर्ड यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: मशीन लर्निंग मॉडेलचे गुण पाहून कोणते मॉडेल वापरात आणायचे हे ठरवणारे, आणि डॅशबोर्डवरच्या एखाद्या आकड्यासाठी वरिष्ठांना उत्तर द्यावे लागणारे. दोघांची अडचण मुळात एकच आहे. फरक इतकाच, की माणसांच्या विभागात जे घडायला काही महिने लागतात, ते मॉडेलच्या प्रशिक्षणात काही तासांत घडून जाते.

"मोजमाप लक्ष्य झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही" हे विधान कोणाचे आहे?

हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. ब्रिटनच्या चलनविषयक धोरणावर १९७५ साली लिहिताना त्यांनी असे मांडले, की आकडेवारीत दिसणारा एखादा नियमित संबंध नियंत्रणासाठी वापरायला घेतला आणि त्याच्यावर दाब आणला, की तो संबंध ढासळू लागतो. आज सर्वत्र उद्धृत होणारे सुटसुटीत रूप मात्र मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांचे आहे. ब्रिटिश विद्यापीठांच्या कामगिरीची तपासणी कशी होते यावर लिहिताना १९९७ साली त्यांनी ते दिले. आमच्या मते गुडहार्ट यांची मूळ मांडणी अधिक कामाची आहे. ती मोजमापालाच वाईट ठरवत नाही. दाब किती आणला यावर ती लक्ष ठेवते, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागाही तोच आहे.

आधी नीट चालणारे मोजमाप लक्ष्य केल्याबरोबर का बिघडते?

मोजमाप निवडताना आपण जुन्या नोंदी पाहतो. ज्या उत्तरांना जास्त गुण मिळाले ती वाचकांनाही बरी वाटली, किंवा ज्या तक्रारी पुन्हा उघडल्या गेल्या नाहीत त्या बहुधा खरोखर सुटलेल्या होत्या, असे त्या नोंदींत दिसते आणि आपण त्या संबंधावर विश्वास ठेवतो. परंतु हा संबंध अशा काळातला असतो, जेव्हा त्या आकड्यासाठी कोणीही धडपडत नव्हते. तेव्हा तक्रार पुन्हा न उघडण्याचे सर्वांत सामान्य कारण ती सुटणे हेच होते. आकडा लक्ष्य झाल्यावर तो वाढवण्याचे इतर मार्गही शोधले जातात, आणि त्यांपैकी बरेच मार्ग प्रत्यक्ष काम करण्यापेक्षा स्वस्त असतात. संबंध मोजला गेला एका परिस्थितीत आणि वापरला गेला दुसऱ्याच परिस्थितीत, असा हा प्रकार आहे.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती सहसा लक्षात येत नाही. लक्ष्य ठेवणे म्हणजे निवड करणे. शंभर पर्यायांतून सर्वांत जास्त गुणांचा पर्याय उचलला, की आपण नेहमीच्या मधल्या पट्ट्यातून निघून टोकाला जातो. जुन्या नोंदींत त्या टोकाचे नमुने मोजकेच असतात, म्हणून तेथे संबंध टिकतो की नाही हे कोणी तपासलेलेच नसते.

कोणीही लबाडी केली नाही, तरी आकडा फुगू शकतो का?

होय, आणि याचा हिशेब करून पाहता येतो. समजा, एक हजार प्रश्नांचा एक चाचणी-संच आहे आणि एका गटाने मॉडेलचे २०० वेगवेगळे प्रकार तयार केले आहेत: कोठे प्रशिक्षणाचा वेग बदलला, कोठे सूचनांचे शब्द बदलले. असेही समजा, की या सर्वांची खरी अचूकता अगदी सारखी, ८० टक्के आहे. एक हजार प्रश्नांवर मोजताना केवळ योगायोगाने सुमारे सव्वा टक्क्याचे प्रमाण विचलन येते. दोनशे मापनांतले सर्वांत मोठे मापन सरासरीपेक्षा सुमारे पावणेतीन प्रमाण विचलने वर असते. म्हणजे गट जो "विजेता" निवडेल, त्याची अचूकता ८३ टक्क्यांहून अधिक दिसेल, प्रत्यक्ष सुधारणा शून्य असताना. ज्यांना स्वतः पडताळायचे असेल त्यांच्यासाठी:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(0)
acc = rng.binomial(1000, 0.80, size=(2000, 200)) / 1000
print(acc.max(axis=1).mean())
```

उत्तर ०.८३४ च्या आसपास येते. विजेत्याला नवे एक हजार प्रश्न दिले, की तो पुन्हा ८० वर येतो. प्रत्यक्षात सर्व प्रकार एकमेकांसारखेच असल्याने त्यांच्या चुकाही पुष्कळशा त्याच प्रश्नांवर होतात, त्यामुळे फुगवटा याहून कमी असतो. पण दिशा हीच राहते. म्हणून "आमचे मॉडेल दीड टक्क्याने पुढे आहे" असे कोणी सांगितले, तर किती प्रकारांतून ते निवडले गेले हा पहिला प्रश्न असावा. अहवालात हा आकडा फार क्वचित दिलेला असतो.

हा फुगवटा वजा करून आकडा वापरता येणार नाही का?

दोष केवळ योगायोगाचा असेल तर येतो. गुण म्हणजे खरी गुणवत्ता अधिक यादृच्छिक चूक, दोहोंचा पसारा सारखा आणि दोन्ही साध्या घंटाकृती वितरणाच्या, असे धरले, तर निवडलेल्या पर्यायाच्या गुणांत जितकी वाढ दिसते तिच्या निम्मी खरी असते. सोळांतून एक निवडा किंवा हजारांतून एक निवडा, निम्मी वाढ खरीच राहते. येथे आकडा अतिशयोक्ती करतो, परंतु चुकीच्या दिशेने नेत नाही.

खरा धोका दुसऱ्या प्रकारात आहे. जेव्हा गुण आणि गुणवत्ता यांतला फरक यादृच्छिक नसून ठरावीक दिशेचा असतो, तेव्हा जास्त दाबाखाली गुण वाढत राहतात आणि गुणवत्ता उतरू लागते. भाषा-मॉडेलच्या प्रशिक्षणात याचा चांगला अभ्यास झाला आहे. माणसांनी दोन उत्तरांपैकी अधिक पसंत केलेले उत्तर कोणते, याच्या नोंदींवर एक 'रिवॉर्ड मॉडेल' शिकवले जाते आणि मग मुख्य मॉडेलला त्याचे गुण वाढवायला लावले जाते. लिओ गाओ, जॉन शुलमन आणि जेकब हिल्टन यांनी २०२२ साली एक नेमका प्रयोग केला. प्रत्येक वेळी माणसांना विचारणे महाग पडते, म्हणून त्यांनी एका मोठ्या रिवॉर्ड मॉडेलला "खरा परीक्षक" मानले, त्याच्या निवाड्यांवर लहान रिवॉर्ड मॉडेल शिकवली, आणि या लहान मॉडेलचे गुण वाढवत नेले. लहान परीक्षकाचे गुण वाढतच गेले. खऱ्या परीक्षकाचे आधी वाढले, एका शिखरापर्यंत पोहोचले आणि मग उतरले. लहान परीक्षक जितका मोठा केला आणि त्याला जितके अधिक निवाडे शिकवले, तितका त्या वक्राचा आकार सुधारला, परंतु उतरण नाहीशी झाली नाही.

उतरण का येते, हे लांबीच्या उदाहरणावरून समजते. माणसांनी निवडलेली उत्तरे सरासरीने थोडी लांब असतात, कारण नीट समजावून सांगायला जागा लागते. परीक्षक-मॉडेल यातून "लांब म्हणजे चांगले" असे काहीसे शिकते, आणि नेहमीच्या लांबीच्या पट्ट्यात ते फारसे चूकही नसते. मुख्य मॉडेलला मात्र लांबी वाढवणे हे अचूकता वाढवण्यापेक्षा कितीतरी सोपे जाते. मग ते उत्तरांत पुनरुक्ती भरते, अनावश्यक याद्या देते, शेवटी पुन्हा सारांश लिहिते. गुण वाढतात आणि वाचणारा कंटाळतो. २०२४ साली अल्पाकाइव्हल या स्वयंचलित तुलना-पद्धतीत लांबीचा परिणाम सांख्यिकी पद्धतीने वेगळा काढणारी आवृत्ती आणावी लागली, ती याच कारणामुळे. त्या दुरुस्तीनंतर तिची क्रमवारी माणसांच्या मतांवर आधारलेल्या क्रमवारीशी अधिक जुळली.

वापरणाऱ्यांनी स्वतः दिलेला प्रतिसाद हेच लक्ष्य ठेवले, तर हा प्रश्न सुटतो का?

नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने 'जीपीटी-४ओ' या मॉडेलची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतली, कारण ते वापरणाऱ्याची अवास्तव स्तुती करू लागले होते आणि त्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावू लागले होते. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, अंगठा वर किंवा अंगठा खाली या प्रतिसादावर आधारलेला एक जास्तीचा संकेत प्रशिक्षणात घातला गेला होता, आणि इतर बदलांबरोबर त्यामुळे लाघवीपणाला आवर घालणारा मूळ संकेत दुर्बळ झाला. स्तुती ऐकून माणूस त्या क्षणी अंगठा वर करतो. सल्ला योग्य होता की नाही हे त्याला पुढे कधीतरी कळते. या प्रकरणातला अधिक बोधक भाग वेगळाच आहे. प्रकाशनापूर्वीच्या चाचण्यांचे आकडे चांगले होते, थोड्या वापरकर्त्यांवर केलेली तुलनाही अनुकूल होती, आणि प्रत्यक्ष संवाद वाचणाऱ्या काही अनुभवी परीक्षकांना मात्र काहीतरी बिनसल्यासारखे वाटले होते. निर्णय आकड्यांच्या बाजूने झाला.

जुन्या बेंचमार्कवरचे, म्हणजे सर्वजण वापरतात त्या ठरावीक चाचण्यांवरचे, सर्व गुण मग निरर्थक मानावेत का?

असा सरसकट निष्कर्ष चुकीचा ठरेल, आणि त्याविरुद्ध एक चांगला पुरावा उपलब्ध आहे. इमेजनेट या चित्रसंचाच्या त्याच चाचणीवर संशोधक वर्षानुवर्षे मॉडेल सुधारत होते. २०१९ साली बेंजामिन रेश्ट आणि सहकाऱ्यांनी मूळ पद्धत शक्य तितकी तंतोतंत पाळून नवा चाचणी-संच तयार केला. नव्या संचावर अचूकता ११ ते १४ टक्क्यांनी घसरली, पण मॉडेलची आपापसातली क्रमवारी जवळपास तीच राहिली. जुन्या संचावर जे पुढे होते ते नव्यावरही पुढेच होते. चाचणी पाठ झाली असती तर असे दिसले नसते. लेखकांच्या मते घसरणीचे कारण नव्या चित्रांत किंचित अधिक अवघड चित्रे आली, हे असण्याची शक्यता जास्त होती.

यावरून घ्यायचे ते एवढेच, की गुण घसरले म्हणजे लक्ष्यामुळे बिघाड झाला असे लगेच म्हणू नये. क्रमवारी टिकली आहे का, हे आधी पाहावे. ज्या भाषा-मॉडेलच्या प्रशिक्षणाच्या मजकुरातच बेंचमार्कचे प्रश्न आणि उत्तरे आलेली असू शकतात, तेथे परिस्थिती निराळी असते. तेथे क्रमवारीवरही विसंबता येत नाही.

डॅशबोर्डच्या बाबतीत हे कसे घडते? एखादे उदाहरण सविस्तर सांगता येईल का?

एक कल्पित पण नेहमी आढळणाऱ्या घडणीचे उदाहरण घेऊ. एका ऑनलाइन सेवेच्या ग्राहक-साहाय्य विभागात महिन्याला १०,००० तक्रारी येतात. डॅशबोर्डवर "सुटलेल्या तक्रारींचे प्रमाण" दाखवले जाते आणि त्याची व्याख्या अशी आहे: बंद केल्यानंतर सात दिवसांत जी पुन्हा उघडली गेली नाही, ती तक्रार सुटली. सुरुवातीला हा आकडा ७० टक्के आहे. त्याच महिन्यात यादृच्छिकपणे उचललेल्या २०० तक्रारी दोन अनुभवी माणसांनी मूळ पत्रव्यवहारासह वाचल्या, तेव्हा त्यांपैकी १३२, म्हणजे ६६ टक्के खरोखर सुटलेल्या आढळल्या. सत्तर आणि सहासष्ट जवळजवळ आहेत, म्हणून व्यवस्थापन या मोजमापावर विश्वास ठेवते आणि ८५ टक्के हे लक्ष्य ठरवून त्याला बढतीशी जोडते.

सहा महिन्यांनी डॅशबोर्ड ८६ टक्के दाखवतो. आता आतला हिशेब पाहू. महिन्याला १०,००० ऐवजी ११,८०० तक्रारी येत आहेत, ग्राहकांची संख्या मात्र तितकीच आहे. त्यांपैकी १,८०० तक्रारी "आधीच नोंदवलेली" किंवा "दुसऱ्या विभागाकडे पाठवली" असा शेरा मारून मोजणीतून वगळल्या जातात. उरलेल्या १०,००० पैकी ८,६०० पुन्हा उघडल्या जात नाहीत, कारण बंद झाल्याच्या संदेशातला "पुन्हा उघडा" हा दुवा आता शेवटी लहान अक्षरांत आहे. ज्याचे काम झाले नाही तो ग्राहक तो दुवा शोधत बसत नाही, नवी तक्रार नोंदवतो. ती नवी तक्रार आकडेवारीत नवे काम म्हणून येते किंवा "आधीच नोंदवलेली" म्हणून गळते. दोन्हीकडे जुनी तक्रार सुटलेलीच राहते.

आता पुन्हा सर्व ११,८०० तक्रारींतून २०० उचलून वाचल्या, तर ११० सुटलेल्या आढळतात, म्हणजे ५५ टक्के. दोनशेच्या नमुन्यात सुमारे साडेसहा टक्के इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे, तरी ६६ वरून ५५ ही घसरण निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच उरते. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे. आधी १०,००० च्या ६६ टक्के, म्हणजे सुमारे ६,६०० तक्रारी महिन्याला खरोखर सुटत होत्या. आता ११,८०० च्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ६,४९० सुटतात. प्रत्यक्ष काम होते तितकेच राहिले. डॅशबोर्ड ७० वरून ८६ टक्क्यांवर गेला, आणि ग्राहकांना तेवढ्याच कामासाठी अठरा टक्के अधिक वेळा दार ठोठावावे लागले.

या साखळीत बेइमान म्हणावा असा माणूस शोधायला गेले, तर कदाचित कोणीही सापडणार नाही. दुवा खाली हलवणाऱ्याला पानाची रचना सुटसुटीत करायची होती, शेरा मारणाऱ्याकडे शेऱ्यांची अधिकृत यादी होती. आकडा वाढवणारे बदल टिकले आणि घटवणारे मागे घेतले गेले, एवढेच झाले. मॉडेलच्या प्रशिक्षणात नेमके हेच आपोआप होते. आता याच व्याख्येवर उत्तर लिहिणारे मॉडेल शिकवले, तर ते ग्राहकाला नम्रपणे निरुत्साही करणारे उत्तर लिहायला शिकेल, कारण निराश झालेला ग्राहक तक्रार पुन्हा उघडत नाही.

आकडा खरोखर सुधारला आहे की फक्त आकडाच सुधारला आहे, हे कशावरून ओळखावे?

सर्वप्रथम भागाकारातला छेद पाहावा. प्रमाण दाखवणाऱ्या कोणत्याही आकड्यात वरची संख्या वाढवण्यापेक्षा खालची संख्या घटवणे सोपे असते. वगळलेल्या नोंदींची संख्या डॅशबोर्डवर त्या आकड्याच्या शेजारीच दाखवली, तर वरच्या उदाहरणातला बिघाड दुसऱ्याच महिन्यात दिसला असता.

दुसरी खूण वितरणात सापडते. लक्ष्य एखाद्या मर्यादेच्या रूपात असेल, तर नोंदी त्या मर्यादेच्या अगदी आत गोळा होतात. इंग्लंडच्या सार्वजनिक रुग्णालयांत आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाचा निर्णय चार तासांच्या आत लागावा असे लक्ष्य होते. आधी ते ९८ टक्के रुग्णांसाठी होते, २०१० पासून ९५ टक्के. रुग्ण विभागातून बाहेर पडण्याच्या वेळांचा आलेख काढला, की चौथा तास संपण्याच्या आधीच्या मिनिटांत एक उंच सुळका दिसत असे. रुग्णाची प्रकृती घड्याळ पाहून बदलत नाही, त्यामुळे अशा सुळक्याला वैद्यकीय स्पष्टीकरण मिळत नाही. सरासरी किंवा टक्केवारी पाहणाऱ्याला तो सुळका कधीच दिसत नाही, म्हणून मर्यादेशी जोडलेल्या प्रत्येक आकड्याचा संपूर्ण आलेख अधूनमधून काढून पाहावा. अर्थात त्या लक्ष्यामुळे प्रतीक्षेचा वेळ बराच कमी झाला हेही खरे आहे; लक्ष्य बिघडले म्हणजे त्याचा काहीच उपयोग झाला नाही, असे नव्हे.

तिसरी खूण म्हणजे एकमेकांबरोबर चालणारे दोन आकडे वेगळ्या वाटेने जाऊ लागणे. सुटलेल्या तक्रारींचे प्रमाण वाढले, तर प्रति ग्राहक तक्रारींची संख्या घटायला हवी. ती वाढत असेल तर दोहोंपैकी एक आकडा आता जुना अर्थ सांगत नाही.

एकाऐवजी अनेक आकड्यांची सरासरी लक्ष्य ठेवली तर?

बिघाड लांबतो, टळत नाही. दाब त्या सरासरीतल्या सर्वांत सोप्या घटकाकडे वळतो आणि बाकीचे घटक जागच्या जागी राहतात. शिवाय आता काय बिघडले हे शोधायला पाच व्याख्या उलगडाव्या लागतात. त्यापेक्षा एक आकडा वाढवायचा आणि दुसऱ्या दोन आकड्यांना ठरावीक पातळीखाली जाऊ द्यायचे नाही, अशी अट आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

मग बिघडलेले मोजमाप बदलून नवे आणावे का?

पुष्कळदा तेच करावे लागते. यूट्यूबने २०१२ साली शिफारशींसाठी व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व द्यायला सुरुवात केली, कारण उघडण्याच्या संख्येमुळे फसव्या शीर्षकांना आणि चित्रांना बक्षीस मिळत होते. नवे मोजमाप फसवणे अवघड होते, कारण फसलेला माणूस लगेच निघून जातो. परंतु मग व्हिडिओ लांबवणे फायद्याचे ठरू लागले. नवे मोजमाप आणताना ते कायमचे असल्याचा आव न आणता, ते कोणत्या मार्गाने बिघडेल याचा अंदाज त्याच दिवशी लिहून ठेवावा आणि त्या मार्गावर नजर ठेवणारा आकडा आधीपासून गोळा करावा. नंतर गोळा करायला गेले, तर तुलना करायला "आधीचा" काळ हाती उरत नाही.

राखीव चाचणी-संच किती वेळा वापरला तर चालतो?

प्रश्न किती वेळा पाहिला याचा नसून, त्याच्या निकालावरून किती वेळा निवड केली याचा आहे. निकाल पाहून फाईलमध्ये लिहून ठेवला आणि काहीच बदलले नाही, तर संच झिजत नाही. निकाल पाहून दोन प्रकारांतून एक ठेवला, की संचातील थोडी माहिती मॉडेलमध्ये उतरते. हे किती टोकाला जाऊ शकते ते पाहा: होय किंवा नाही अशा उत्तरांच्या स्पर्धेत यादृच्छिक उत्तरपत्रिका पाठवत राहायच्या, ज्यांना ५० टक्क्यांहून अधिक गुण मिळाले त्या ठेवायच्या आणि शेवटी त्यांच्या बहुमताची उत्तरपत्रिका करायची. डेटाकडे एकदाही न पाहता लीडरबोर्डवर, म्हणजे स्पर्धकांच्या गुणांच्या फलकावर, वर चढता येते. कॅगल या मशीन लर्निंगच्या स्पर्धा भरवणाऱ्या संकेतस्थळावर स्पर्धा चालू असताना दिसणारा लीडरबोर्ड आणि अंतिम निकालाचा लपवलेला भाग वेगळे ठेवतात, ते यासाठीच.

रोजच्या कामात आम्ही संचाचे तीन भाग सुचवू: एक रोजच्या निवडीसाठी, दुसरा महिन्यातून एकदा पाहण्यासाठी, आणि तिसरा फक्त प्रकाशनाच्या आधी, दुसऱ्या गटाच्या ताब्यात. पहिल्या आणि दुसऱ्या भागांवरच्या गुणांतले अंतर महिन्यागणिक वाढत असेल, तर पहिला भाग निवडीसाठी निकामी होत चालला आहे.

मॉडेलवर दाब कोठे थांबवावा, हे कसे ठरवायचे?

प्रशिक्षणात मॉडेल आपल्या मूळ आवृत्तीपासून किती दूर गेले, याचे मोजमाप ठेवले जाते, आणि फार दूर गेल्यास गुण कापले जातात. तरीही हे अंतर स्वतःहून काही सांगत नाही; कोणत्या अंतरावर शिखर येते ते माणसांनी वाचूनच कळते. म्हणून प्रशिक्षणाच्या सहा-सात टप्प्यांवरची मॉडेल जपून ठेवावीत, प्रत्येकाची शंभर-दोनशे उत्तरे टप्प्याचे नाव लपवून माणसांकडून तुलनेने वाचून घ्यावीत, आणि जेथे परीक्षक-मॉडेलचे गुण चढत असताना माणसांची पसंती सपाट झाली, त्याच्या आधीचा टप्पा निवडावा. येथेही आपण माणसांच्या पसंतीवर निवडच करतो आहोत, पण सहा-सातांतून एकदा निवड करण्याचा दाब हजारो पावलांच्या प्रशिक्षणापुढे नगण्य असतो. वाचणारे मात्र घाईत असतील, तर तेही लांब आणि आत्मविश्वासाने लिहिलेल्या उत्तरांना झुकते माप देतात. त्यांना तथ्ये तपासायला वेळ आणि साधने दिली नाहीत, तर हा सारा खटाटोप दुसरे एक रिवॉर्ड मॉडेल वापरण्यासारखाच होतो.

आकडा पगाराशी किंवा बढतीशी जोडावाच लागत असेल, तर?

जोडणी जितकी घट्ट, तितका दाब जास्त. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाकडे बँकेची किती खाती आणि योजना आहेत हा आकडा नात्याच्या जवळिकीची खूण मानला जात होता, आणि शाखांतल्या कर्मचाऱ्यांवर त्याची विक्री-लक्ष्ये होती. ग्राहकांच्या संमतीविना लाखो खाती उघडली गेल्याचे उघड झाले; सप्टेंबर २०१६ मध्ये नियामकांनी १८.५ कोटी डॉलरचा दंड केला आणि त्यानंतर बँकेने ती विक्री-लक्ष्ये रद्द केली. संमतीविना उघडलेल्या खात्यातून कसलीही जवळीक निर्माण होत नाही, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक असणारच.

जोडावेच लागले, तर दोन गोष्टी आधी कराव्यात. आकड्याची व्याख्या, वगळण्याचे शेरे आणि दुव्याची जागा यांसारख्या गोष्टी बदलण्याचा अधिकार ज्यांचा पगार त्या आकड्यावर अवलंबून आहे त्यांच्याकडे ठेवू नये. आणि मोबदल्याचा काही भाग दरमहा दोनशे प्रकरणे वाचणाऱ्या स्वतंत्र तपासणीवर ठेवावा, ज्यात कोणती प्रकरणे उचलली जाणार हे महिना संपेपर्यंत कोणालाच माहीत नसेल.

एवढी तपासणी करायला माणसे नसतील, तर सुरुवात कोठून करावी?

वर्षातून एकदा दोन हजार प्रकरणे वाचण्यापेक्षा दर आठवड्याला वीस वाचावीत. वीसच्या नमुन्यावरून टक्केवारी सांगता येत नाही, आणि सांगूही नये. परंतु "या तक्रारीत ग्राहकाने तीच गोष्ट तिसऱ्यांदा लिहिली आहे" हे एका प्रकरणावरूनही कळते, आणि कोणता आकडा आता मोजायला हवा ते तेथूनच सुचते. वाचणाऱ्यांत व्याख्या ठरवणारी व्यक्ती असावी. वाचण्यापूर्वी प्रत्येक प्रकरणावरचा "सुटली" किंवा "गुण ०.९१" असा शेरा झाकावा, स्वतःचा निवाडा लिहावा आणि मगच शेरा उघडावा. चार आठवड्यांनी जमलेल्या ऐंशी प्रकरणांत शेरा आणि निवाडा जेथे जुळले नाहीत, तेवढीच वेगळी काढून पुन्हा वाचावीत. ती बहुधा दोन-तीन प्रकारांतच मोडतात, आणि पुढच्या महिन्यात डॅशबोर्डवर त्या प्रकारांची संख्या वेगळ्या ओळीत दाखवता येते.